स्वमग्न मुलगा बारावीनंतर काय करील? हातात एक वर्ष आहे

मृगबहार (५ ऑगस्ट)

नमस्कार. मी वरुड तालुक्यातील एका खेड्यात राहते. आमचा अडीच एकर संत्रा आहे आणि बाकीचे शेत कोरडवाहू आहे. थोरला मुलगा जूनमध्ये सतरा वर्षांचा झाला आणि तालुक्याच्या गावी बारावी कला शाखेत शिकतो. सहाव्या वर्षी त्याला स्वमग्नता असल्याचे निदान झाले असून प्रमाणपत्रावर ५० टक्के लिहिलेले आहे. तो बोलतो, पण विचारले तेवढेच बोलतो. वाचन, लेखन आणि आकडेमोड चांगली आहे. दहावीला त्याने जादा वेळेची सवलत घेऊन ६१ टक्के गुण मिळवले. लेखनिक घेतला नाही.

कॉलेज आमच्या गावापासून १४ किलोमीटरवर आहे. गावातील तीन मुले त्याच बसने जातात, म्हणून तोही जातो. ती मुले पुढच्या वर्षी अमरावतीला किंवा नागपूरला जातील. यजमानांचे म्हणणे आहे की इथेच बी. ए.ला नाव घालावे, म्हणजे तीन वर्षे निघतील. सासरे म्हणतात, शेत आहे, त्याला कॉलेज कशाला. अमरावतीच्या ज्या बाईंकडे आम्ही वर्षातून दोनदा जातो त्यांनी "पुढचा आराखडा आत्ताच करा" असे सांगितले, पण आराखडा म्हणजे नेमके काय ते सांगण्याआधीच आमची वेळ संपली आणि पुढची तारीख नोव्हेंबरची मिळाली.

माझा प्रश्न एवढाच आहे की कॉलेज की काम हे ठरवायचे कसे, आणि या वर्षभरात आधी काय करायचे व नंतर काय?

कापूसकोंड्या (५ ऑगस्ट)

बी. ए. करून घ्या. आमच्याकडे पदवी नसली की पत्रिका कुणी बघायलाही घेत नाही. मी स्वतः इतिहासात एम. ए. आहे आणि कृषी सेवा केंद्रात युरियाची पोती मोजतो, तरी सासऱ्यांनी जावई पदवीधर म्हणूनच सांगितला होता.

जनार्दनपंत (५ ऑगस्ट)

६१ टक्के मिळवणाऱ्या मुलाला शेतात किंवा कुणाच्या मजुरीला पाठवण्याचा विचारसुद्धा करू नये. दिव्यांगांना सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे आणि ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र तुमच्या हातात आहे. पदवी झाली की नोकरी कुठे जात नाही.

तलाठी नव्हे (६ ऑगस्ट)

जनार्दनपंतांचे अर्धे बरोबर आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ४ टक्के जागा आहेत, परंतु त्या चार गटांत विभागलेल्या आहेत. स्वमग्नता ज्या गटात येते त्याच गटात बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगताही आहे, आणि या सगळ्यांना मिळून १ टक्का आहे. ते पदही या गटासाठी योग्य म्हणून निश्चित झालेले असावे लागते आणि परीक्षा द्यावीच लागते. माझ्या कार्यालयात जाहिराती येतात, म्हणून हे सांगतो. अर्ज अवश्य करावेत, पण त्या भरवशावर तीन वर्षे घालवू नयेत.

सुमन वर्धेकर (६ ऑगस्ट)

मी विशेष शिक्षिका आहे. एकवीस वर्षे शाळेत काढली आणि गेली सहा वर्षे अठरा वर्षांपुढील मुलांच्या कामाचे बघते. मृगबहार, कॉलेज की काम हा प्रश्न आपण सध्या बाजूला ठेवू, कारण गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र पाहून तो सुटत नाही. प्रमाणपत्रासाठी घेतल्या जाणाऱ्या आयएसएए चाचणीत ४० बाबी असतात. त्यांतून स्वमग्नतेची तीव्रता कळते. मुलगा बस चुकल्यावर काय करतो, हे कळत नाही.

मला त्याच्या एका साध्या दिवसाचे वर्णन लिहून द्या. तो काय करतो यापेक्षा, तो करू लागण्याआधी तुम्ही काय करता ते लिहा.

मृगबहार (७ ऑगस्ट)

सुमनताई, तुमचा प्रश्न वाचून मी काल दिवसभर वही जवळ ठेवली. सकाळी साडेपाचला तो स्वतः उठतो. ब्रशवर पेस्ट तो लावतो, पण ट्यूब मी समोर काढून ठेवते. अंघोळीचे पाणी मी काढते. कपडे मी खाटेवर ठेवते, नाहीतर तो कालचेच घालतो. डबा दप्तरात मी भरते. पासचे पाकीट खिशात आहे का ते मी चाचपून बघते. थांब्यापर्यंत तो एकटा जातो, मात्र शेजारचा मुलगा आला नसेल तर थांब्यावर न थांबता परत येतो. एसटीचे आमच्या बाजूचे सगळे वेळापत्रक त्याला पाठ आहे. मागे एकदा पावणेअकराची बस रद्द झाली तेव्हा तो साडेबारापर्यंत थांब्यावर उभा होता आणि "पावणेअकरा, पावणेअकरा" म्हणत राहिला. मध्ये दुसरी एक बस येऊन गेली. ती त्याची नव्हती.

रात्री लिहिलेले वाचले तेव्हा लक्षात आले की दिवसभरात त्याने माझ्याकडे एकही गोष्ट मागितली नाही.

सुमन वर्धेकर (७ ऑगस्ट)

तुमचे शेवटचे वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. तो मागत नाही, कारण मागण्याची वेळच येत नाही. कॉलेजात जावो की कामावर, तिथे ट्यूब काढून ठेवणारे कुणी नसेल, आणि बहुतेक मुले कामात अडत नाहीत, इथेच अडतात.

उद्यापासून जेवणाच्या ताटात दिवसातून एकदा चमचा ठेवायला 'विसरा'. वरण-भात वाढा, शेजारी बसा, त्याच्याकडे बघा आणि मनात दहापर्यंत मोजा. तोपर्यंत काही बोलू नका. तो बोलला नाही तर "काय पाहिजे?" असे विचारू नका, कारण त्याला उत्तर द्यायला येतेच, सुरुवात करायला येत नाही. त्याऐवजी "आई, चमचा दे" असे लिहिलेली चिठ्ठी ताटाजवळ सरकवा आणि त्याने ती वाचली की लगेच चमचा द्या. आठवड्याने चिठ्ठी अर्धी झाकून ठेवा, पुढे ती काढून टाका.

पळसफूल (७ ऑगस्ट)

क्षमा करा, पण हा मुलाचा छळ वाटतो. घास तोंडाशी असताना मुलाला ताटकळत ठेवणे हे आईच्या हातून कसे होईल?

सुमन वर्धेकर (८ ऑगस्ट)

पळसफूल, तुमची शंका रास्त आहे आणि मी पुरेसे स्पष्ट लिहिले नव्हते. पाणी, औषध आणि जेवण कधीही अडवायचे नाही. ज्या वस्तूचे नाव त्याला ठाऊक आहे, जी त्याला हमखास हवी असते आणि जिच्यावाचून खोळंबा फक्त मिनिटभराचा होईल, तीच निवडायची. तो चिडू लागला तर आपला अंदाज चुकला असे समजून वस्तू देऊन टाकायची. हात धुऊन हातानेच वरण-भात खाणे हा मार्गही त्याला मोकळा आहे, आणि त्याने तो काढला तर तोही त्याचा निर्णयच आहे.

तर्री पोहे (८ ऑगस्ट)

आमच्या घरी हा प्रयोग बायको माझ्यावर तीस वर्षे करीत आहे. मी अजून चिठ्ठीवरच आहे.

मेहकरचा बाप (९ ऑगस्ट)

मी सहसा लिहीत नाही, पण कॉलेजचा विषय निघाला म्हणून आमच्या मुलीचे सांगतो. तिने बारावी वाणिज्य ६८ टक्क्यांनी पूर्ण केली आणि आम्ही तिला बी. कॉम.ला घातले. अभ्यास तिला जड गेला नाही. शाळेत घंटा होती, वर्ग ठरलेला होता आणि बाकावर जागा ठरलेली होती. कॉलेजात यातले काहीच नव्हते. तास होणार की नाही हे दारावरच्या फळ्यावर किंवा मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर कळायचे, आणि त्या गटात तिला कुणी घेतलेच नव्हते. एके दिवशी वर्ग वरच्या मजल्यावर हलवला होता. ही खालच्या रिकाम्या खोलीत वही उघडून, तारीख टाकून, दोन तास बसून राहिली. शिपायाने कुलूप लावायला आल्यावर तिला पाहिले. तिने मला घरी आल्यावर एवढेच सांगितले, "आज सर उशिरा येणार आहेत."

दुसऱ्या वर्षी आम्ही तिचे नाव काढले. आज ती माझ्या मेहुण्याच्या दुकानात साठ्याचे रजिस्टर सांभाळते आणि एका पाकिटाचाही फरक येऊ देत नाही. मात्र मला अजूनही वाटते की पहिल्याच महिन्यात मी प्राचार्यांना भेटून "रोज सकाळी हिला एका माणसाने वेळापत्रक सांगावे" एवढे मागितले असते, तर ती आज पदवीधर असती. बोर्डाच्या परीक्षेतील जादा वेळसुद्धा विद्यापीठात आपोआप चालू होत नाही. तिथे नव्याने अर्ज करावा लागतो. हे आम्हाला पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर समजले.

जनार्दनपंत (९ ऑगस्ट)

म्हणजे दोष कॉलेजचा होता, मुलीचा नव्हता. मग माझेच म्हणणे खरे ठरते की कॉलेजला सुधारायला लावावे. २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत, त्या काय शोभेसाठी आहेत?

मेहकरचा बाप (९ ऑगस्ट)

प्रवेशाला आम्हाला काहीच अडचण आली नव्हती, पंत. अडचण प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून होती.

पळसफूल (१० ऑगस्ट)

एक महत्त्वाची गोष्ट कुणी सांगितलेली नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडिलांचा अधिकार संपतो, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांकडून कायदेशीर पालकत्वाचा आदेश घ्यावाच लागतो. तो नसेल तर बँकेत खाते उघडत नाही. माझ्या नणंदेने मुलाचा वाढदिवस झाल्याबरोबर घेतला.

वकीलकाकू (१० ऑगस्ट)

अधिकार संपतो हे खरे आहे, आदेश घ्यावाच लागतो हे खरे नाही. हा आदेश १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतो आणि त्याखालील स्थानिक स्तर समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अर्ज आला की त्या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असल्यास कोणत्या कामापुरती, हे समितीने पाहायचे असते. नणंदेच्या मुलाला ती गरज असेल. मृगबहार यांचा मुलगा मात्र सही करतो, आकडे समजतो आणि पैसे मोजतो. त्याने स्वतःच्या नावाचे खाते आत्ताच उघडावे आणि स्वतः सही करून पैसे काढण्याचा सराव करावा. जो अधिकार त्याला वापरता येईल तो वाढदिवसालाच त्याच्याकडून काढून घेण्याची घाई करू नका.

दुसरे असे की प्रमाणपत्र लहानपणचे असेल तर त्यावर मुदत लिहिलेली आहे का ते आजच बघा. प्रवेशाच्या आठवड्यात ते संपलेले निघाले की मग धावपळ होते.

निवृत्त वाहक (११ ऑगस्ट)

मी एसटीत एकतीस वर्षे वाहक होतो आणि त्यांपैकी बराच काळ मोर्शी-वरुड बाजूला काढला. ताई, तुमच्या मुलाला वेळापत्रक पाठ आहे हे वाचून आनंद झाला, परंतु खरे सांगायचे तर ते आमच्यापैकी कुणालाच पाठ नव्हते, कारण गाडी वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. त्याला 'गाडी आली नाही' हाही एक धडा शिकवावा लागेल.

एक जाड कागद घ्या आणि त्यावर तीनच ओळी लिहा. दहा मिनिटे थांबायचे. मग शेजारच्या माणसाला "वरुडची गाडी गेली का?" असे विचारायचे. गेली असेल किंवा अर्धा तास झाला असेल तर आईला फोन करायचा. हा कागद पासच्या पाकिटात ठेवा. मग एखाद्या रविवारी मुद्दाम अशा वेळी त्याला थांब्यावर न्या, जेव्हा गाडी नसते हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि या तीन ओळी खरोखर करून घ्या. तुम्ही जवळ असा, पण बोलू नका. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, तीही त्याने स्वतः ओळखपत्र दाखवून घ्यावी. तुम्ही पुढे होऊन दाखवू नका. माझ्या गाडीत असा एक मुलगा होता. त्याची आई दोन वर्षे त्याचे ओळखपत्र दाखवायची. ती आजारी पडली त्या दिवशी त्याने पूर्ण तिकीट काढले आणि उतरताना मला सांगितले की मी चुकलो.

सुमन वर्धेकर (१३ ऑगस्ट)

वाहककाकांनी लिहिलेले मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. आता मृगबहार यांच्या मूळ प्रश्नाकडे येते. ठरवायचे कसे, तर प्रत्यक्ष जागेवर दहा-बारा दिवस करून बघून. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप येत नाही, ही या मुलांची मुख्य अडचण आहे; म्हणून घरी किंवा केंद्रात घेतलेली परीक्षा फारशी उपयोगी पडत नाही. मी एकाच मुलाचे तपशीलवार सांगते. तो आर्वी तालुक्यातला होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि आम्ही त्याला एका रोपवाटिकेत पिशव्या भरण्याच्या कामावर रोज दोन तास बसवले.

माती, रेती आणि शेणखताचे मिश्रण तयार असायचे. पिशवी उघडायची, तळाशी मूठभर भरून आपटायची, मग वरपर्यंत भरायची, पुन्हा आपटायची आणि ओळीत ठेवायची. बाकीच्या बायकांना हे पाहून येते. या मुलाला 'वरपर्यंत' म्हणजे कुठपर्यंत हेच कळेना. तो प्रत्येक पिशवीला बोट लावून आधीच्या पिशवीशी उंची जुळवायचा आणि कणभर कमी-जास्त झाली की रिकामी करायचा. पहिल्या दिवशी दोन तासांत ४६ पिशव्या झाल्या. आम्ही पिशव्यांवर काठाखाली दोन बोटे अंतर ठेवून मार्करने रेघ मारली आणि बोट लावणे त्याच दिवशी थांबले.

मी मात्र पिशव्यांपेक्षा दुसरीच गोष्ट मोजत होते. त्याला पुढचे पाऊल उचलण्यासाठी कुणी बोलावे, खुणवावे किंवा हात लावावा लागला की वहीत एक रेघ ओढायची. पहिल्या दिवशी ३८ रेघा होत्या. रेघा कमी होत असतील तर काम त्याला जमते आहे असे समजावे, मग वेग कमी असला तरी चालेल. पिशव्या वाढत आहेत पण रेघा तेवढ्याच आहेत, असे दिसले तर काम तुम्ही करत आहात, तो नाही.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. "म्याडम, पोरगं काम त चांगलं करते, पन च्याच्या टायमाले कुठं जाते काही समजत नाही." चहाच्या वेळी सगळ्या बायका झाडाखाली बसायच्या आणि हा रस्त्याने चालू लागायचा. काम ठरलेले होते, सुट्टी ठरलेली नव्हती. आम्ही त्याला एक जागा, एक पाण्याची बाटली आणि मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर दिला, आणि बाटली अर्धी संपवायची असे ठरवून दिले. पाण्याचे मुद्दाम सांगते. यांच्यापैकी अनेकांना तहान लागल्याचे वेळेवर जाणवत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात ते जिवावर बेतू शकते. त्यामुळे पाणी तहानेवर न सोडता घड्याळावर ठेवावे, आणि असा सराव एप्रिल-मे महिन्यांत सुरूच करू नये.

सातव्या दिवशी मिश्रण संपले. तो रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला आणि पंचवीस मिनिटांनी स्वतःच्या कपाळावर मारू लागला. दहा पावलांवर मुकादम होती. 'माती संपली' हे दोन शब्द त्याला येत होते, पण असे काही आपण दुसऱ्याला सांगायचे असते हेच त्याच्या अनुभवात नव्हते. चमच्याचा सराव मी तुम्हाला का सांगितला, ते आता लक्षात येईल. मग आम्ही रोज ढिगातून थोडी माती मुद्दाम कमी ठेवू लागलो.

बाराव्या दिवशी ११० पिशव्या आणि ५ रेघा झाल्या. तेराव्या दिवशी त्याला भरलेल्या पिशव्या वाफ्यात रचण्याचे काम दिले आणि रेघा पुन्हा २१ वर गेल्या. काम बदलले की हे असे होतेच. त्यावरून मुलगा मागे गेला असे समजून घरी बसवणारे पालक मी पाहिले आहेत.

कलमवाला (१४ ऑगस्ट)

माझी स्वतःची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्याकडे असा एक मुलगा आला तेव्हा त्याच्या वडिलांनी मला फाइलभर कागद दाखवले. मला त्यातले काही कळले नाही आणि थोडी भीतीच वाटली. नंतर त्याच्या काकूने तीन वाक्ये सांगितली, ती मात्र कामी आली. एका वेळी एकच गोष्ट सांगा. "जरा", "थोडे" असे न सांगता आकडा सांगा. त्याने तुमच्याकडे पाहिले नाही तरी तो ऐकत असतो.

चूक माझीही झाली. पावसाळ्यात लागवडीसाठी गिऱ्हाइकांची गर्दी असते. एका शेतकऱ्याने त्याला सहज विचारले, "रोपं चांगली आहेत ना?" त्याने सांगितले, "या वाफ्यातली चाळीस मेली. त्या वाफ्यातली उद्या मरतील." शेतकरी निघून गेला आणि मी रागाच्या भरात मुलाला घरी पाठवले. चार दिवसांनी तो दुसरा वाफा खरोखर मुळकुजीने गेला. मी त्याला परत बोलावले; आता गर्दीच्या महिन्यात तो मागच्या शेडमध्ये असतो आणि रोज सकाळी वाफे बघून मला मेलेल्या रोपांचा आकडा सांगतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरण्याचे काम मात्र त्याला जमले नाही. सालीचा काप तो अगदी नेमका घेतो, पण एकेका काडीला दहा मिनिटे लावतो आणि तोवर डोळा सुकतो.

वकीलकाकू (१४ ऑगस्ट)

कलमवाले भाऊ, मजुरी कशी देता?

कलमवाला (१४ ऑगस्ट)

पिशव्यांचा दर शेकड्यावर आहे आणि तो सगळ्यांना सारखाच आहे. पहिले दोन महिने त्याचे पैसे मी त्याच्या वडिलांकडे देत होतो. मग काकूने सांगितले की त्याच्या हातात द्या. तेव्हापासून तो स्वतःच्या पिशव्या स्वतः मोजतो. माझ्या मुनीमाच्या हिशेबातली चूक त्याने दोनदा पकडली आहे.

कापूसकोंड्या (१५ ऑगस्ट)

फवारणीला मात्र पाठवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते आम्ही जवळून पाहिले आहे. धडधाकट माणसाला मळमळ सांगता आली नाही, तिथे जो काही सांगतच नाही त्याचे काय होईल? पाठीला पंप लावून दिवसभर त्याच एका ओळीने चालणे या मुलाला इतके आवडेल की तो थांबणारच नाही.

(माझा पहिला प्रतिसाद उथळ होता, हे मान्य आहे.)

जनार्दनपंत (१५ ऑगस्ट)

सगळे वाचले. तरीही मला बोचते ते असे की आपल्याकडे दुसऱ्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरणे म्हणजे रोजमजुरी आहे. गावात लोक म्हणतील, बारावीपर्यंत शिकवला आणि मजूर केला. ज्या घरात तीन पिढ्यांनी मजुरीतून बाहेर पडण्यासाठी शिक्षण घेतले, त्या घराला हे सांगणे सोपे नाही. सुमनताई, याचे उत्तर तुमच्या वहीत आहे का?

सुमन वर्धेकर (१६ ऑगस्ट)

नाही, पंत. त्या आर्वीच्या मुलाच्या आजीने मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी तेव्हाही गप्पच राहिले होते. एवढेच सांगते की पिशव्या भरणे ही त्या मुलाची निवड होती. या मुलाची दुसरी असू शकते. त्याची आकडेमोड चांगली आहे, तर त्याच रोपवाटिकेत पावत्या आणि साठ्याची नोंद हेही काम आहे.

मेहकरचा बाप (१६ ऑगस्ट)

पंत, दोन्ही एकत्र होऊ शकते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून आमची मुलगी आता पुन्हा बी. कॉम. करीत आहे. पुस्तके घरी असतात आणि अभ्यासकेंद्रावर मोजकेच दिवस जावे लागते. त्या दिवसांचा वर्ग कोणत्या खोलीत आहे ते आदल्या संध्याकाळी मी फोन करून विचारतो आणि तिला लिहून देतो. हे सुमनताईंच्या हिशेबात माझ्या नावावर एक रेघ होईल, ते मला मान्य आहे.

मृगबहार (१२ नोव्हेंबर)

धागा वर काढते आहे. सर्वांनी इतके मनापासून लिहिले आणि मी तीन महिने काहीच कळवले नाही, याबद्दल क्षमा असावी.

प्रमाणपत्राची मुदत खरोखरच संपत आली होती. नव्याने तपासणीला दोन खेपा घातल्या. खाते उघडले आणि सही त्याने स्वतः केली, फक्त ती रकाना सोडून बाहेर गेली म्हणून तो कारकुनाकडे दुसरा अर्ज मागत राहिला. मागत राहिला हे महत्त्वाचे. चमच्याला एकोणीस दिवस लागले. विसाव्या दिवशी तो म्हणाला, "आई, तू रोज विसरतेस. डॉक्टरकडे चल." आम्ही सगळे हसलो, तो हसला नाही.

'गाडी आली नाही' चार रविवार केले. पहिल्या दोन वेळा तो परत आला. तिसऱ्या वेळी त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, पण म्हातारा बहिरा निघाला आणि आमचा पोरगा तेच वाक्य पंधरा वेळा बोलला. कागदावर चौथी ओळ वाढवली आहे: उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्या माणसाला विचारायचे.

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या गावच्या रोपवाटिकेत नऊ दिवस रोज दोन तास बसवले. मी वही घेऊन वाफ्याच्या टोकाला बसले. पहिल्या दिवशी ४४ रेघा, नवव्या दिवशी १२. पिशव्या भरणे त्याला आवडत नाही, मातीचे हात तो सारखे धुतो. पावतीपुस्तक मात्र आवडले. मालक म्हणतात, परीक्षा झाल्यावर मार्चमध्ये सकाळच्या वेळेत नोंदीसाठी येऊ दे, पुढचे पाहू. यजमान अजून बी. ए.वर ठाम आहेत, पण नवव्या दिवशी ते स्वतः त्याला आणायला आले आणि दूर मोटारसायकलवर बसून अर्धा तास बघत होते. काही बोलले नाहीत. मुक्त विद्यापीठाचे माहितीपत्रक मी कपाटावर ठेवले आहे, तेही कुणी हलवलेले नाही.

आता अडचण वेगळीच आहे. रोपवाटिकेत सात वाजता पोहोचायचे आहे आणि त्या रस्त्याने पहिली बस सात वीसला जाते.

निवृत्त वाहक (१२ नोव्हेंबर)

ताई, त्या रस्त्याने दुधाची गाडी साडेसहाला जाते का ते विचारा. आणि मालकांना साडेसातची वेळ मागायला तुम्ही जाऊ नका, त्यालाच पाठवा. वाक्य लिहून द्या.